धागा: महिन्याला २० हजार उरतात – गृहकर्ज फेडू की इंडेक्स फंडात टाकू? (नवीन करप्रणाली, आकडे दिले आहेत)

धायरीफाटा

नमस्कार मंडळी. गाडीचं कर्ज गेल्या महिन्यात संपलं आणि पहिल्यांदाच महिनाअखेरीला खात्यात वीस हजार उरलेले दिसले. आता त्या वीस हजारांवरून घरात दोन पक्ष पडलेत. बायको म्हणते घराचं कर्ज लवकर संपवू. मला वाटतं एसआयपी वाढवावी. सासरे पीपीएफ म्हणतात, पण त्यांना कुठल्याही प्रश्नावर पीपीएफच सुचतं.

माझे आकडे असे. धायरीतला फ्लॅट, २०२१ चं कर्ज, बाकी ४० लाख. दर ८.५ टक्के, फ्लोटिंग, रेपोशी जोडलेला. हप्ता ३९,३९०, शिल्लक हप्ते १८०. हिंजवडीत नोकरी, पगार तीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये, करप्रणाली नवीन. सहा महिन्यांचा खर्च एफडीत बाजूला ठेवला आहे, टर्म आणि मेडिक्लेम दोन्ही आहेत, त्यामुळे "आधी विमा काढा" हा प्रतिसाद कृपया नको.

मला "मनाची शांती" किंवा "कंपाउंडिंगची जादू" नकोय. आकड्यांत काय निघतं ते सांगा.

सिप_सम्राट

यात विचार करण्यासारखं काय आहे? कुठलाही कॅल्क्युलेटर उघडा. २० हजारांची एसआयपी, १५ वर्षं, १२ टक्के: एक कोटी ९१ हजार. आता तेच २० हजार दर महिन्याला कर्जात भरून बघा, व्याज वाचतं साधारण १६ लाख ३५ हजार. एक कोटी विरुद्ध सोळा लाख. वहिनींना हे दोन आकडे कागदावर लिहून दाखवा, विषय संपेल.

पेठेतला

कागद फ्रेम करून लावा. पंधरा वर्षांनी बारा टक्के कुठे गेले हे विचारायला उपयोगी पडेल.

आदित्य_२९

माझाही सेम प्रश्न आहे. माझं पर्सनल लोन आहे १४ टक्क्यांनी, दोन लाख बाकी. एसआयपी बंद करून ते फेडू का?

मुक्ता_आकडे

आदित्य, तुमचा प्रश्न सेम नाही. १४ टक्के खात्रीने देणारा फंड कुठेच मिळत नाही. आधी ते कर्ज संपवा, फोरक्लोजर चार्ज किती लागतो तेवढं बँकेला विचारून घ्या, कारण पर्सनल लोन बहुतेक वेळा फिक्स्ड दराचं असतं आणि त्यावर तो लागू शकतो. गृहकर्ज फ्लोटिंग असेल तर वैयक्तिक कर्जदाराकडून प्रीपेमेंटचा दंड घेता येत नाही. त्यामुळे धायरीफाटा यांच्या हिशेबात तो खर्च शून्य.

आता सम्राटांचा हिशेब. दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण ते एकमेकांशेजारी ठेवणं चूक आहे. हप्त्यावर वीस हजार जादा भरले तर महिन्याला ५९,३९० जातात आणि कर्ज १८० ऐवजी ९२ महिन्यांत संपतं. शीटमध्ये टाकून बघा:

```
=NPER(8.5%/12, -59390, 4000000)
=EFFECT(8.5%, 12)
=FV(8.5%/12, 92, -20000)
```

पहिल्याचं उत्तर ९१.८५. म्हणजे सात वर्षं आठ महिने. पण त्यानंतर उरलेल्या ८८ महिन्यांत तुमच्या हातात दरमहा पूर्ण ५९,३९० मोकळे आहेत, ते सम्राटांच्या हिशेबात कुठेच नाहीत. तेच त्यांच्याच १२ टक्क्यांच्या कॅल्क्युलेटरमध्ये टाका: पंधराव्या वर्षाअखेर ८४ लाख होतात. म्हणजे तुलना एक कोटी विरुद्ध सोळा लाख अशी नाही, एक कोटी एक लाख विरुद्ध चौऱ्याऐंशी लाख अशी आहे. दोन्हींवरचा भांडवली नफ्याचा कर वजा केला की साधारण साडेब्याण्णव विरुद्ध ऐंशी. फरक आहे, पण तोही बारा टक्के मिळाले तर.

सिप_सम्राट

ताई, पण कोण भरतं हो त्या नंतरच्या ५९ हजारांची एसआयपी? कर्ज संपलं की माणूस दुसरी गाडी घेतो, नाहीतर युरोप टूर.

मुक्ता_आकडे

मान्य, आणि हा मुद्दा खरा आहे. पण तो माणसाच्या स्वभावाचा मुद्दा आहे, दोन पर्यायांच्या परताव्याचा नाही. आणि जो माणूस ५९ हजारांची एसआयपी करणार नाही तोच बाजार वीस टक्के पडल्यावर २० हजारांची एसआयपी चालू ठेवेल, हेही मी गृहीत धरणार नाही.

जोशीकाका

मी सहकारी बँकेत ३१ वर्षं कर्ज विभागात काढली. माझ्या अनुभवात कर्ज लवकर फेडून कोणी पस्तावलेला पाहिला नाही. आमच्या काळी साडेबारा-तेरा टक्के व्याज होतं, लोक दिवाळीचा बोनस आणून काउंटरवर ठेवत. धायरीकर, प्रश्नच कुठे येतो? कर्ज आहे, पैसे आहेत, भरून टाका. शिवाय व्याजावर आयकरात सूट आहे ती वेगळीच.

मुक्ता_आकडे

काका, सूट आहे म्हणून फेडायचं कसं? फेडलं की व्याज कमी, व्याज कमी की सूट कमी. आणि धायरीफाटा नवीन प्रणालीत आहेत. स्वतः राहत्या घराच्या व्याजावर तिथे एक रुपयाही वजावट नाही. मुद्दलालाही नाही. त्यामुळे त्यांचा साडेआठ हा पूर्ण साडेआठच आहे. किंबहुना थोडा जास्तच.

धायरीफाटा

जास्त कसा?

मुक्ता_आकडे

वरच्या तीन ओळींतली दुसरी बघा. बँक व्याज दरमहा आकारते, त्यामुळे वार्षिक हिशेबात साडेआठचे ८.८४ होतात. फंडाचा परतावा मात्र वार्षिक दराने सांगतात. "फंड नऊ देतो, कर्ज साडेआठ, म्हणजे अर्धा टक्का सुटला" असं लोक म्हणतात, तेव्हा त्यातला बराचसा अर्धा टक्का इथेच गेलेला असतो.

आता खरा प्रश्न: फंडाने किती दिलं की दोन्ही पर्याय सारखे? मी पंधरा वर्षांचा विचार करत नाही, ९२ व्या महिन्यावर थांबते. त्या दिवशी पर्याय एकमध्ये कर्ज शून्य. पर्याय दोनमध्ये कर्ज अजून २५ लाख ७३ हजार बाकी आणि शेजारी फंड. पहिल्या पर्यायात शेवटचा हप्ता थोडा छोटा असल्याने नऊएक हजार हातात राहतात, तेही धरले तर फंड विकून, कर भरून, हातात २५ लाख ८२ हजार यायला हवेत. तरच बरोबरी. तिसरी ओळ तेच सांगते.

तुम्ही फंडात टाकलेले १८ लाख ४० हजार. निव्वळ नफा हवा ७ लाख ४२ हजार. इक्विटी फंडावर वर्षापेक्षा जास्त धरलेल्या युनिटच्या नफ्यातले सव्वा लाख माफ, पुढे साडेबारा टक्के, सेस धरून तेरा. उलटं गणित केलं तर करापूर्वीचा नफा ८ लाख ३४ हजार लागतो, आणि त्यासाठी फंडाने वर्षाला साधारण पावणेदहा टक्के द्यायला हवेत. फंडाचा खर्च एनएव्हीमध्ये आधीच वजा झालेला असतो, म्हणजे हे खर्च जाऊन पावणेदहा.

धायरीफाटा

म्हणजे पावणेदहाच्या वर गेला तर फंड, खाली राहिला तर कर्ज. आणि नक्की किती फरक पडतो? समजा बारा मिळाले?

मुक्ता_आकडे

हाच प्रश्न कोणी विचारत नाही, म्हणून घरोघरी भांडणं होतात. बारा टक्के मिळाले तर ९२ व्या महिन्यात कर जाऊन तुम्ही फंडाच्या वाटेने सुमारे २ लाख १० हजारांनी पुढे. सातच टक्के मिळाले तर सुमारे २ लाख ३५ हजारांनी मागे. पावणेआठ वर्षांत दोन-सव्वादोन लाख, इकडे किंवा तिकडे. सोळा लाखही नाही आणि एक कोटीही नाही. अर्थात फंड त्याहून वाईट किंवा त्याहून चांगला वागू शकतो, मी मधला पट्टा सांगतेय.

पेठेतला

दोन लाखांसाठी तुम्ही बायकोशी आठ वर्षं वाद घालणार. हिशेबात तोही खर्च धरा.

वाकडची_वाट

मुक्ताताई, माझं थोडं वेगळं आहे. फ्लॅट नाशिकला, आईवडील तिथे राहतात. कर्ज माझ्या आणि नवऱ्याच्या नावावर, घरही दोघांच्या नावावर, बाकी ४२ लाख, दर साधारण हाच. आम्ही दोघंही जुन्या प्रणालीत, वाकडला भाड्याने राहतो म्हणून घरभाडे भत्त्याची सूटही घेतो. मग आम्हालाही पावणेदहाच का?

मुक्ता_आकडे

नाही, तुमचं उत्तर पूर्ण उलटं येतं. जुन्या प्रणालीत राहत्या घराच्या व्याजावर प्रत्येकी दोन लाखांपर्यंत वजावट. तुमचं वर्षाचं व्याज साडेतीन लाखांच्या आसपास, दोघांत वाटलं की ते सगळंच वजावटीत बसतं. तीस टक्क्यांच्या स्लॅबला सेससह ३१.२ टक्के सरकार भरतं म्हणा. म्हणजे तुमचा साडेआठ प्रत्यक्षात ५.८५ पडतो. एवढ्या स्वस्त पैशाची घाईने परतफेड करण्यात अर्थ नाही.

पण एकट्याच्या नावावर कर्ज असतं तर? तेव्हा बहुतेक लोक चुकतात. त्यांना वाटतं, जुनी प्रणाली आहे म्हणजे माझं कर्ज ५.८५ ला पडतं. पण ४० लाखांवर वर्षाचं व्याज तीन लाख तीसेक हजार होतं आणि सूट दोनच लाखांना. वरचे सव्वा-दीड लाख व्याज पूर्ण भावाने जातं, आणि जादा भरणा केला की पहिलं कमी होतं ते हेच वरचं व्याज. दोन लाखांना साडेआठ टक्क्यांनी भागा, साडेतेवीस लाख येतात. बाकी त्याच्या वर आहे तोवर फेडलेल्या प्रत्येक रुपयाला यंदा पूर्ण साडेआठ मिळतात. खाली गेली की ५.८५. अगदी काटेकोर हिशेबात आज फेडलेला रुपया पुढच्या वर्षांचं, म्हणजे सूट मिळणारं व्याजही कमी करतो, त्यामुळे रेषा इतकी सरळ नाही. पण दिशा हीच.

आणि एक उपप्रश्न, वाकडची: तुम्ही दोघांसाठी जुनी प्रणाली खरंच फायद्याची आहे का, हे या वर्षी तपासलंत का? २०२५-२६ पासूनच्या नव्या स्लॅबमुळे २४ लाखांच्या वर पगार असेल तर स्टँडर्ड डिडक्शन सोडून आठेक लाखांच्या वजावटी असल्या तरच जुनी परवडते. त्याखाली पगार असेल तर थोड्या कमी वजावटी पुरतात.

वाकडची_वाट

नवऱ्याची घरभाडे भत्त्यासह सात-सव्वासातपर्यंत जाते. माझी बहुतेक नाही. एचआरने विचारलं तेव्हा "मागच्या वर्षीसारखंच" असं टिकमार्क केलं होतं. फॉर्म १६ काढून बसते.

मुक्ता_आकडे

तुम्ही एकट्या नवीनमध्ये गेलात तर तुमच्या वाट्याच्या व्याजाची सूट जाईल, आणि हिशेब पुन्हा मांडावा लागेल. बसाच.

जोशीकाका

बरं, फंड राहू द्या. सासरेबुवांच्या पीपीएफला काय वाईट आहे? पूर्ण करमुक्त.

मुक्ता_आकडे

काका, करमुक्त ७.१. आणि कर्ज फेडण्यातून मिळणारे ८.८४ हेसुद्धा करमुक्तच, कारण वाचलेल्या व्याजावर कर नसतो. डेट फंडाची तर गोष्टच नको. १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या युनिटचा नफा स्लॅबप्रमाणे करपात्र, सात टक्के मिळाले तर हातात ४.८. गृहकर्ज असताना, आणीबाणीच्या पैशाखेरीज डेट फंडात किंवा एफडीत जादा पैसे ठेवणं म्हणजे साडेआठने उसने घेऊन पाचने देणं. इथे सामना फक्त इक्विटीशी आहे.

हडपसरी

मी बराच वेळ नुसता वाचतोय. गणितावर बोलत नाही, पण प्रीपेमेंट करताना माझं काय झालं ते सांगतो, कारण तेव्हा मला कोणी सांगितलं नव्हतं.

२०२१ मध्ये मी तीन लाख पार्ट पेमेंट केलं. बाकी होती तीस लाख, चौदा वर्षं शिल्लक, दर तेव्हा सात. काउंटरवर एक पानी फॉर्म, त्यात खाली दोन चौकोन: हप्ता कमी करा / मुदत कमी करा. मी सही केली आणि चौकोन तसाच सोडला. माझ्या डोक्यात प्रीपेमेंट म्हणजे मुदत कमी होणारच. दोन वर्षांनी वेगळ्याच कामासाठी स्टेटमेंट काढलं तेव्हा कळलं की बँकेने हप्ता २८,०६२ वरून २,८०० रुपयांनी कमी केला होता. मुदत जशीच्या तशी. चौकोनात टिक केली असती तर २६ महिने कमी झाले असते. ते महिन्याचे २,८०० गेले कुठे म्हणाल तर शनिवारच्या हॉटेलात. बँकेशी भांडलो, पण फॉर्मवर सही माझीच.

धायरीफाटा

अरे बापरे. म्हणजे मुदत कमी करा हेच टिक करायचं, नक्की?

मुक्ता_आकडे

थांबा, हे आपोआप ठरत नाही. हप्ता कमी करून घेतला आणि दरमहा एकूण भरणा मात्र तेवढाच ५९,३९० चालू ठेवला, तर कर्ज त्याच ९२ व्या महिन्यात संपतं. व्याज पैशापैशाने सारखं. फरक एवढाच की बंधनकारक हप्ता हळूहळू उतरत जातो. मुदत कमी करून घेतली आणि नोकरी गेली तर बँक ३९,३९० मागतच राहते, तुम्ही आधी कितीही जादा भरलेलं असो. हप्ता कमी करून घेतला असेल तर ती कमी मागते. हडपसरींचं नुकसान हप्ता कमी झाल्याने झालं नाही, सुटलेले २,८०० परत न भरल्याने झालं.

त्यामुळे ज्याच्याच्याने शिस्त पाळवेल त्याने हप्ता कमी करावा, नाही पाळवणार त्याने मुदत. हिंजवडीतल्या सध्याच्या हवेत मी तर हप्ताच कमी करून घेईन.

सिप_सम्राट

नोकरी जाण्याचा विषय निघालाच आहे तर हे माझ्या बाजूने जातं. फंडातले पैसे तीन दिवसांत हातात येतात. भिंतीत घातलेले येत नाहीत. बँक काय प्रीपेमेंट परत देते?

मुक्ता_आकडे

हा तुमचा आतापर्यंतचा सर्वांत चांगला मुद्दा. फक्त एक लक्षात ठेवा: कपात आणि बाजाराची पडझड बहुधा एकाच सुमारास येतात. मार्च २०२० आठवा. निफ्टी २३ मार्चला ७,६१० वर बंद झाला. जानेवारी २००८ च्या शिखराला तो ६,३०० च्या आसपास होता. बारा वर्षांत एवढंच. माझी स्वतःची २०१४ पासूनची इंडेक्स फंडाची एसआयपी त्या दिवशी लाल होती, सहा वर्षं न चुकता भरूनही. वर्षअखेरीला निफ्टी १४ हजारांच्या जवळ गेला आणि सगळं हिरवं झालं, पण त्यासाठी मला मधे पैसे काढायची गरज पडली नव्हती. ज्याला पडली त्याचं उत्तर वेगळं.

मधला मार्ग हवा असेल तर ओव्हरड्राफ्ट पद्धतीचं गृहकर्ज असतं. जादा पैसे त्या खात्यात ठेवायचे, तेवढ्यावर व्याज लागत नाही, हवे तेव्हा काढता येतात. दर थोडा जास्त असतो, आणि त्या खात्याचं डेबिट कार्ड पाकिटात असणं हा आपला शत्रू.

जोशीकाका

एक मुद्दा सगळ्यांकडून सुटला. मी जुन्या काळाचा, पण कर्ज खात्याचा माणूस. २०१९ च्या ऑक्टोबरपासून बँकांची नवी फ्लोटिंग गृहकर्जं बाहेरच्या दराशी, म्हणजे बहुतेक रेपोशी जोडलेली आहेत. २०२५ मध्ये रेपो साडेसहावरून सव्वापाचवर आला. धायरीकरांचा दर साडेआठ, म्हणजे त्यांच्यावर रेपोच्या वर सव्वातीन टक्के लावलेत. हे फार झालं. कर्ज घेताना यांचा सिबिल स्कोअर बरा नसेल बहुतेक. आज काय आहे? चांगला असेल तर आधी तो स्प्रेड कमी करून घ्या. हप्ता आणि फंड नंतर.

धायरीफाटा

काका, नमस्कार करतो. खरं आहे, २०२१ ला क्रेडिट कार्डाची एक जुनी थकबाकी दाखवत होता. आता स्कोअर ७९० आहे. शेजारच्या बँकेकडून गेल्या महिन्यात ७.५ ची ऑफरही आली होती, मी मेसेज डिलीट केला.

जोशीकाका

डिलीट केलेलं शोधा. ते पत्र घेऊन आपल्या शाखेत जा, लेखी अर्ज द्या. स्प्रेडचे काही भाग तीन वर्षं बदलत नसत, ती अट ऑक्टोबर २०२५ पासून सैल झालीय, ग्राहक टिकवण्यासाठी बँक आधीही कमी करू शकते. कन्व्हर्जन फी म्हणून काही हजार घेतील. नाहीच ऐकलं तर कर्ज दुसरीकडे न्या, पण तिथे प्रोसेसिंग, लीगल, स्टँप ड्यूटी, नोटीस ऑफ इंटिमेशन, असं सगळं पुन्हा. तो खर्च लेखी मागा आणि मग ठरवा. ४० लाखांवर एक टक्का म्हणजे पहिल्याच वर्षी चाळीसेक हजार.

मुक्ता_आकडे

काकांनी माझी वाट अडवली आणि ते बरोबर केलं. हे मी पहिल्याच प्रतिसादात विचारायला हवं होतं. आणि याने मूळ प्रश्नाचं उत्तरही हलतं. दर ७.५ झाला तर बरोबरीसाठी फंडाकडून पावणेदहा लागत नाहीत, साडेआठच्या थोडं वर पुरतात. अडथळा सव्वा टक्क्याने उतरला की माझंही मन फंडाकडे झुकतं.

सिप_सम्राट

शेवटी आलात ना! आता त्यात टॅक्स हार्वेस्टिंग घाला. दरवर्षी मार्चमध्ये सव्वा लाखापर्यंतचा नफा विकून परत घ्यायचा. आठ वर्षं गुणिले सव्वा लाख, दहा लाख नफा करमुक्त. म्हणजे कर शून्य, तुमचे पावणेदहा आले ८.८४ वर.

मुक्ता_आकडे

अर्धं बरोबर. सुरुवातीच्या वर्षांत नफाच सव्वा लाख होत नाही. पहिल्या वर्षी दहा-बारा हजार, दुसऱ्या वर्षी पस्तीस-चाळीस. न वापरलेली माफी पुढच्या वर्षी नेता येत नाही. शिवाय विकायची युनिट वर्षभर जुनी हवीत, नाहीतर वीस टक्के. फंड जुनी आधी विकतो त्यामुळे ते जमतं, पण तुम्ही परत घेतलेल्यांचं वर्ष नव्याने सुरू होतं. नीट हिशेब केला तर साडेआठच्या कर्जावर पावणेदहाचे नऊच्या थोडं वर येतात. दरवर्षी मार्चमध्ये न विसरता केलं तर. मी स्वतः सातपैकी दोनदा विसरले आहे.

पेठेतला

धागा वाचून मी माझं कर्ज पाहिलं. बारा हजार बाकी आहे. फेडू का गुंतवू?

धायरीफाटा

:) अहो पेठेतले, तुम्ही भेळ खा.

सगळ्यांचे आभार. मी असं ठरवलंय: शनिवारी शाखेत स्प्रेडचा अर्ज. तो निकाली लागेपर्यंत वीस हजार कर्जातच, कारण आज माझा दर ८.८४ आहे आणि तेवढी खात्री कुठलाच फंड देत नाही. दर ७.५ झाला तर दहा-दहा हजार दोन्हीकडे. बायको हो म्हणाली.

मुक्ता_आकडे

दहा-दहाला गणितात काही आधार नाही, पण घरात आहे असं दिसतं. एक करा: वीस हजार भरलेत की पुढच्या महिन्याच्या स्टेटमेंटमधला व्याजाचा आकडा बघा. काही बँकांच्या ॲपमधून जादा भरलेली रक्कम मुद्दलात जात नाही, "ॲडव्हान्स हप्ता" म्हणून बाजूला बसून राहते आणि व्याज पूर्ण रकमेवरच लागतं. तुमचं या महिन्याचं व्याज २८,३३३ आहे. नुसता हप्ता गेला तर पुढच्या महिन्यात २८,२५५ यायला हवं. वीस हजार मुद्दलात गेले असतील तर २८,११३. हे १४२ रुपये शोधा.

हडपसरी

आणि फॉर्मवरचा चौकोन रिकामा सोडू नका, भाऊ.

धायरीफाटा (पाच आठवड्यांनी)

अपडेट. स्प्रेडच्या अर्जाची पोच मिळाली, "वरिष्ठ कार्यालयाकडे पाठवला आहे" एवढंच उत्तर. दुसऱ्या बँकेकडून खर्चाचा लेखी तपशील मागितलाय, अजून आला नाही.

चौकोनात टिक केली, हप्ता कमी करा. शाखेतल्या बाईंनी दोनदा विचारलं, नक्की ना, सगळे मुदत म्हणतात.

वीस हजार मात्र ॲपवरून भरले होते, फॉर्मच्या आधी. आज स्टेटमेंट आलं. व्याज २८,२५५.

मुक्ता_आकडे

म्हणजे ते मुद्दलात गेलेच नाहीत. व्यवहाराचा नंबर आणि तारीख घेऊन जा, पार्ट पेमेंट म्हणून भरल्याच्या तारखेपासून वर्ग करून मागा. तोंडी नको.

धायरीफाटा

सोमवारी दहाला दारातच उभा राहतो. अर्ज आज रात्री लिहून ठेवतो.

जोशीकाका

दोन प्रती काढा. एकीवर शिक्का घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.